पळवून नेणे: संमती नेमकी कोणाची?

वर्तमानपत्राच्या भाषेत अपहरण हा एकच शब्द सगळीकडे चालतो. खंडणीसाठी उचललेला व्यापारी, शाळेच्या फाटकातून गायब झालेला मुलगा, घर सोडून प्रियकराबरोबर गेलेली सतरा वर्षांची मुलगी, या तिन्ही बातम्यांच्या मथळ्यांत ‘अपहरण’च असते. कायदा मात्र येथे दोन वेगळ्या गोष्टी पाहतो. इंग्रजीतल्या ‘किडनॅपिंग’ला कायद्याच्या मराठीत अपनयन आणि ‘अ‍ॅबडक्शन’ला अपहरण म्हणतात. १८६०च्या भारतीय दंड संहितेत अपनयनाची व्याख्या कलम ३६० आणि ३६१मध्ये, तर अपहरणाची कलम ३६२मध्ये होती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यांची जागा अनुक्रमे कलम १३७ आणि कलम १३८ यांनी घेतली. अपनयनाचाही एक प्रकार म्हणजे एखाद्याला त्याच्या संमतीशिवाय भारताच्या हद्दीबाहेर नेणे. तो येथे बाजूला ठेवला आहे. खरा गोंधळ होतो तो दुसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे मुलाला पालकाच्या ताब्यातून नेण्याबद्दल.

आधी अपहरण पाहू, कारण ते समजायला सोपे आहे. कोणाही माणसाला बळजबरीने किंवा फसवणुकीने एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला लावणे म्हणजे अपहरण. माणूस कोणत्याही वयाचा असू शकतो. चाळीस वर्षांच्या माणसाला सुरा दाखवून गाडीत बसवले तर ते अपहरण. ‘आई दवाखान्यात आहे, चला लवकर’ अशी थाप मारून एखादीला भलत्याच गावी नेले तर तेही अपहरणच, मग ती स्वतःच्या पायांनी गाडीत चढलेली का असेना. दोन्हीकडे मुद्दा एकच आहे: त्या माणसाची इच्छा मोडली गेली किंवा खोटेपणाने वळवली गेली. साहजिकच सज्ञान माणूस खरोखर राजीखुशीने गेला असेल तर अपहरण उरतच नाही. त्याची संमती हा येथे पूर्ण बचाव ठरतो.

अपहरणाचे आणखी एक वैशिष्ट्य वाचकाला चकित करणारे आहे. नुसत्या अपहरणाला संहितेत शिक्षाच नाही. कलम १३८ अपहरण म्हणजे काय एवढेच सांगून थांबते. ते कशासाठी केले, हे सिद्ध झाले की शिक्षा लागते. खून करण्यासाठी, खंडणीसाठी, कोठेतरी डांबून ठेवण्यासाठी, स्त्रीला मनाविरुद्ध लग्न लावायला भाग पाडण्यासाठी, असा हेतू लागतो आणि प्रत्येक हेतूला वेगळे कलम आहे. खंडणीसाठी माणूस पळवून त्याला जिवे मारण्याची धमकी दिली तर शिक्षा फाशी किंवा जन्मठेपेपर्यंत जाते. लग्नाच्या सक्तीसाठी नेले तर दहा वर्षांपर्यंत. शिवाय अपहरण हा चालू राहणारा गुन्हा मानला जातो. माणसाला नागपूरहून वर्ध्याला आणि वर्ध्याहून पुढे नेत राहिले, तर प्रत्येक टप्प्यावर तो घडतच असतो आणि मधल्या टप्प्यावर सामील झालेलाही त्यात अडकतो.

अपनयनाची बांधणी अगदी उलट आहे. अजाण मुलाला किंवा मनोविकल व्यक्तीला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून, त्या पालकाच्या संमतीशिवाय, नेणे किंवा फूस लावून नेणे, एवढीच त्याची व्याख्या. यात बळ लागत नाही, थाप लागत नाही, वाईट हेतूही लागत नाही. हेतू काहीही असो, नुसत्या अपनयनाला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. वाईट हेतू असेल तर तो पुढच्या, जास्त कडक कलमांत मोजला जातो. आणि मूल पालकाच्या ताब्याबाहेर गेले त्या क्षणीच गुन्हा पुरा होतो. नंतर मुलाला लाडाने वागवले, आठवड्याने सुखरूप घरी सोडले किंवा पालकांनी नंतर ‘जाऊ द्या’ म्हटले, तरी जे घडले ते पुसले जात नाही.

‘ताबा’ या शब्दाचा अर्थ येथे मूल सतत पदराखाली असणे असा नाही. मूल मैदानावर खेळत असते, शिकवणीला गेलेले असते, मामाकडे सुटीला आलेले असते, तेव्हाही ते आईबापांच्या देखरेखीत आहे असेच धरले जाते. पालक या शब्दात ज्याच्यावर मुलाची देखभाल कायदेशीरपणे सोपवली आहे अशी कोणतीही व्यक्ती येते. म्हणजे सुटीपुरता मामाही या कलमापुरता पालक असतो. रस्त्यावर वाढणाऱ्या, ज्याच्यावर कोणाचीच देखरेख नाही अशा मुलाला नेले तर मात्र हे कलम अडखळते, कारण ज्याच्या ताब्यातून काढायचे तो पालकच तेथे नसतो. अशा वेळी पोलिसांना अपहरणाच्या किंवा मानवी व्यापाराच्या कलमांकडे वळावे लागते. ज्या मुलांना संरक्षण सर्वांत जास्त हवे त्यांच्यापाशीच हे कलम तोकडे पडते, ही त्यातली खरी उणीव आहे.

स्वतःच्याच मुलाला नेणाऱ्या बापाचा प्रश्नही याच व्याख्येतून सुटतो. नवराबायकोचे भांडण होते, बाप मुलाला आईकडून उचलून आपल्या घरी नेतो आणि आई फिर्याद देते. असे एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले होते. बाप हा मुलाचा नैसर्गिक पालक आहे, न्यायालयाच्या आदेशाने त्याला मनाई केलेली नसताना त्याने मुलाला नेले तर अपनयन होत नाही, असे खंडपीठाने २०२३मध्ये म्हटले. ताबा कोणाकडे असावा हा तंटा दिवाणी न्यायालयाचा आहे, पोलीस ठाण्याचा नाही.

आता संमतीकडे. अपहरणाची व्याख्या माणसाच्या इच्छेभोवती फिरते, तर अपनयनाची व्याख्या पालकाच्या ताब्याभोवती. म्हणूनच पहिल्यात नेल्या गेलेल्या माणसाची संमती विचारावी लागते आणि दुसऱ्यात पालकाची. अपनयनाच्या कलमात मुलाच्या संमतीचा शब्दच नाही. मुलगा किंवा मुलगी ‘मी माझ्या मर्जीने गेले’ असे न्यायालयात ठासून सांगू शकते आणि ते शंभर टक्के खरेही असू शकते. तरी त्याने आरोपीची सुटका होत नाही, कारण जो प्रश्न कलमाने विचारलेलाच नाही त्याचे ते उत्तर असते. १९७२मध्ये हरियाणा राज्य विरुद्ध राजा राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध शब्दांत मांडले: मुलाची संमती पूर्णपणे गैरलागू आहे, पालकाची संमती असेल तरच कृत्य या कलमाबाहेर जाते.

यामागचा विचार मुलाला मूर्ख समजण्याचा नाही. चौदा वर्षांची एखादी मुलगी घरातल्या मोठ्यांपेक्षा शहाणी असू शकते. पण ज्याला मूल न्यायचे आहे तो बहुधा जबरदस्तीच्या वाटेला जातच नाही. तो चॉकलेट देतो, मोबाइल देतो, सिनेमात काम मिळवून देण्याचे स्वप्न दाखवतो, लग्नाचे वचन देतो. मुलाचा होकार हेच त्याचे हत्यार असते. होकाराला बचाव म्हणून मान्यता दिली तर कायदा नेमक्या त्याच माणसाच्या हातात ढाल देईल, ज्याने तो होकार घडवला. प्रत्येक खटल्यात मुलाची समज मोजत बसण्याऐवजी कायद्याने वयाची एक रेघ मारली आणि त्या रेघेच्या आतला होकार विचारात घ्यायचा नाही असे ठरवले. करारातही हेच तत्त्व आहे. अठराखालच्या मुलाने जमिनीच्या कागदावर सही केली तर तो करार उभाच राहत नाही, मग त्याला व्यवहार कितीही कळत असो.

ही रेघ स्थिर राहिलेली नाही. १८६०मध्ये ती मुलग्यांसाठी चौदा आणि मुलींसाठी सोळा वर्षे होती. १९४९मध्ये ती सोळा आणि अठरा झाली. भारतीय न्याय संहितेने दोघांना एकाच पातळीवर आणले. आता अठरा वर्षांखालचे कोणतेही मूल यात येते. जुन्या कायद्यात सतरा वर्षांच्या मुलाला फूस लावून नेणारा या कलमातून सुटत असे, आता तो सुटत नाही.

वयाबद्दलची चूकही सहसा मदतीला येत नाही. याचा दाखला म्हणून १८७५चा इंग्लंडमधला ‘राणी विरुद्ध प्रिन्स’ हा खटला अजून दिला जातो. मुलगी चौदाच्या आतली होती, पण दिसायला बरीच मोठी वाटे आणि तिने वय अठरा सांगितले होते. आरोपीचा त्यावर प्रामाणिक विश्वास होता आणि तो विश्वास वाजवीही होता, हे ज्युरीने मान्य केले. तरीही शिक्षा कायम राहिली. दुसऱ्याच्या मुलीला बापाच्या ताब्यातून नेणाऱ्याने वयाची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतलेली असते, असा त्या निकालाचा सूर आहे.

येथवर वाचून असे वाटेल की अठराखालची मुलगी कोणाबरोबर दिसली की तो माणूस दोषी. तसे नाही. मुलाची संमती चालत नसली तरी ‘नेणे’ किंवा ‘फूस लावणे’ हे कृत्य आरोपीकडून घडलेले असावेच लागते. ही बारीक रेघ सर्वोच्च न्यायालयाने १९६४मध्ये एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात आखली. निकाल न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिला. त्यातल्या घटना पाहिल्याशिवाय ती रेघ नीट दिसत नाही.

मुलगी मद्रासमध्ये राहणारी, सरकारी अधिकाऱ्याची लेक आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तिचा जन्म नोव्हेंबर १९४२चा. शेजारच्या घरातल्या तरुणाशी तिची ओळख वाढली. सप्टेंबर १९६०च्या शेवटच्या दिवशी तिने बहिणीजवळ त्याच्याशी लग्न करायचा विचार बोलून दाखवला. बापाने त्याच दिवशी तिला त्या तरुणापासून दूर, एका नातेवाइकाच्या घरी नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी, १ ऑक्टोबरला, सकाळी दहाच्या सुमारास ती एकटीच त्या घरातून बाहेर पडली, तिने तरुणाला फोन केला आणि अमुक रस्त्यावर भेटायला बोलावले. तो गाडी घेऊन आला. दोघे एका मित्राला साक्षीदार म्हणून घेऊन गेले, दुकानातून मंगळसूत्राचे मणी घेतले, नोंदणी कार्यालयात लग्नाच्या कराराची नोंद केली आणि मग गावोगाव फिरत राहिले. शेवटी पोलिसांनी त्यांना तंजावरला गाठले. त्या दिवशीच्या हिशेबाने मुलगी अठरा पुरी व्हायला दीड महिनाही बाकी नव्हता. खालच्या न्यायालयाने तरुणाला एक वर्षाची सक्तमजुरी दिली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली.

सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. मुलीची संमती होती म्हणून नव्हे, तर तरुणाने तिला ‘नेले’ असे दिसत नव्हते म्हणून. घर सोडायचा निर्णय तिचा होता, फोन तिने केला, भेटीची जागा तिने सांगितली आणि तो येण्याआधीच ती पालकाच्या घराबाहेर पडलेली होती. तिने घर सोडावे म्हणून त्याने आधी काही केल्याचा पुरावा नव्हता. अल्पवयीन मुलीला नेणे आणि तिला आपल्याबरोबर येऊ देणे, या दोन गोष्टी एक नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. तिला परत बापाच्या दारात सोडणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्यही नव्हते. मात्र मुलगी सुशिक्षित, शहरात वाढलेली आणि सज्ञान होण्याच्या उंबरठ्यावर होती, हेही न्यायालयाने नमूद केले. ती आठ-दहा वर्षांची असती तर ‘येऊ देणे’ आणि ‘नेणे’ यांतला फरक कोणी ऐकून घेतला नसता.

बचाव पक्षाचे वकील हा निकाल आजही हटकून पुढे करतात, पण त्याची मर्यादा तितक्याच ठळकपणे दाखवणारा दुसरा निकाल बहुतेकदा सांगायचा राहतो. १९७३मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गुजरातमधल्या एका कारखानदाराचा खटला आला. येथेही मुलगी स्वतःच घर सोडून आरोपीच्या दारात आली होती. वरवर पाहता वरदराजनसारखेच. पण मागचे दिवस तपासले तेव्हा चित्र बदलले. वयाने मोठ्या असलेल्या या माणसाने तिच्या कुटुंबाशी जवळीक करून तिला भेटवस्तू दिल्या होत्या, तिच्याशी संबंध वाढवले होते आणि आईवडिलांनी हरकत घेतल्यानंतरही तो थांबला नव्हता. ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी त्याने काहीच केले नसेल, पण तिचे मन घराबाहेर वळवण्याचे काम त्याने महिनोन्महिने केले होते. न्यायालयाने त्यालाच फूस लावणे म्हटले आणि शिक्षा कायम ठेवली. म्हणजे अशा खटल्यात पाहायचे ते निघण्याच्या दिवसाच्या मागे जाऊन: घर सोडण्याचा विचार कोणाच्या डोक्यात प्रथम आला, तो कोणी रुजवला, निरोप कोणामार्फत पोहोचले, पैसे आणि तिकिटे कोणाची होती. राजा राम खटल्यात चौदा वर्षांच्या मुलीपर्यंत निरोप पोहोचवून तिला रात्री बाहेर बोलावणारा माणूसही असाच दोषी ठरला. बळ वापरलेच पाहिजे असे नाही, मुलाच्या मनात तयारी निर्माण करणारी मनधरणी पुरते.

यावरून तपासात दोन गोष्टी निर्णायक ठरतात. त्यातली एक म्हणजे वय. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४नुसार आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहायचे, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि यापैकी काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी. पीडित मुलाचे वय ठरवण्यासाठीही हाच क्रम सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आहे. हाडांच्या तपासणीत दोन्ही बाजूंना सुमारे दोन वर्षांची चूक संभवते. त्यामुळे अहवालात ‘सतरा’ लिहिले असले तरी मुलगी एकोणीसची असू शकते आणि त्या संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. अनेक खटले प्रेम होते की फसवणूक या वादावर नव्हे, तर शाळेच्या रजिस्टरमधल्या एका ओळीवर निकाली निघतात. पहिलीत नाव घालताना अंदाजाने लिहिलेली तारीख बारा वर्षांनी कोणाच्या तरी तुरुंगवासाचा हिशेब ठरते.

दुसरी गोष्ट म्हणजे फिर्याद कशी लिहिली जाते. मे २०१३मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवले गेले असावे असे प्रथम गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. त्यामुळे मूल हरवले की महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांतून ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले’ या ठरावीक वाक्याचा गुन्हा दाखल होतो. मूल रागावून आजीकडे गेलेले असले तरी सुरुवातीला कागदावर अपनयनच असते. शोध लवकर सुरू व्हावा म्हणून हे योग्यच आहे, पण राज्यातल्या ‘अपहरणां’चे आकडे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्यांतला मोठा भाग हरवलेल्या आणि घर सोडलेल्या मुलांचा असतो, खंडणीबहाद्दरांचा नव्हे.

राहता राहिला तो सर्वांत अवघड प्रकार: दोघेही कोवळ्या वयाचे, बळजबरी नाही, फसवणूक नाही, तरी कलम लागू. १९९८मध्ये गुजरातमध्ये अशी एक घटना घडली. मुलगा अठरा-एकोणीसचा, मुलगी अठराच्या आतली, दोघांचे प्रेमसंबंध होते आणि तो तिला घेऊन गेला. उच्च न्यायालयाने बलात्काराचा आरोप टिकू दिला नाही, कारण तेव्हा लैंगिक संमतीचे वय सोळा होते. अपनयनाची रेघ मात्र मुलींसाठी अठरा होती, म्हणून तो दोष कायम राहिला. एकाच मुलीची संमती एका कलमात मोजली गेली आणि दुसऱ्यात नाही, हे विचित्र वाटते, पण दोन कलमांचे प्रश्नच वेगळे होते. (२०१२च्या पॉक्सो कायद्यानंतर लैंगिक संमतीचे वयही अठरा झाले आहे.)

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. मुलीचे आरोपीवर प्रेम होते हा अपनयनाच्या आरोपावर बचाव होऊ शकत नाही, तो मान्य केला तर या कलमाचा संरक्षक हेतूच आतून पोखरला जाईल, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १२ जानेवारी २०२१ रोजी म्हटले आणि दोषसिद्धी कायम केली. शिक्षा ठरवताना मात्र बळाचा वापर झाला नव्हता, आरोपी तेव्हा स्वतःच जेमतेम सज्ञान होता आणि मध्ये बावीस वर्षे लोटली होती, हे सगळे पीठाने विचारात घेतले. त्याने तोवर तुरुंगात काढलेले दिवस हीच त्याची शिक्षा मानली गेली.